एक शिफारसपत्र, तीन मसुदे आणि 'फ्यू'च्या आधीचा 'अ'

प्रकरण एका पत्राचं आहे. सांगलीकडच्या एका कॉलेजातून केमिस्ट्रीत बीएस्सी केलेली एक मुलगी आयर्लंडमध्ये मास्टर्ससाठी अर्ज करत होती, आणि तिला शिफारसपत्र देणारे सर म्हणजे वीसेक वर्षं केमिस्ट्री शिकवलेले, प्रॅक्टिकलला तासन्‌तास मुलांच्या मागे उभे राहणारे, मनापासून शिकवणारे. सरांना तिच्याबद्दल चांगलंच लिहायचं होतं, यात कुणालाच शंका नव्हती. पत्र एका पानाचं, आणि त्यात सहा वाक्यांत 'फ्यू' किंवा 'लिटल' आलं होतं. पहिल्या मसुद्यात एकाही ठिकाणी 'अ' नव्हतं. मग स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलं की सर, हे निगेटिव्ह शब्द आहेत, 'अ' लावा म्हणजे पॉझिटिव्ह होतं, म्हणून दुसऱ्या मसुद्यात सगळीकडे 'अ' आलं. पत्र पोर्टलवर सर स्वतः चढवणार होते, पण त्यांनी आधी तिलाच वाचायला दिलं, तेव्हा एका वाक्यापाशी ती अडली, तिला नक्की काय खटकतंय ते सांगता येईना, आणि दोन्ही प्रिंटआउट घेऊन ती माझ्याकडे आली. मी त्याच आवारातल्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण ही जोडी शाळेत शिकवतात एका ओळीत, 'फ्यू म्हणजे जवळजवळ नाही, अ फ्यू म्हणजे काही', मुलं पाठ करतात, गाळलेल्या जागा भरतात, मार्क मिळवतात आणि तिथेच विषय संपतो. या पत्रात मात्र तोच नियम अर्धा लक्षात ठेवल्यामुळे काय होतं ते स्पष्ट दिसतं, आणि दोन्ही मसुदे व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर होते हे तर सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे स्पेलचेकने कुठेही लाल रेघ मारली नसती.

पहिल्या मसुद्यातली ती सहा वाक्यं, मधला मजकूर गाळून, अशी होती:

'शी हॅज डन फ्यू प्रोजेक्ट्स अंडर माय गायडन्स. शी हॅज लिटल एक्स्पीरियन्स ऑफ एचपीएलसी. शी मेड फ्यू मिस्टेक्स इन द लॅब. शी नीड्स लिटल सुपरव्हिजन. आय हॅव फ्यू डाउट्स अबाउट हर अ‍ॅबिलिटी. फ्यू स्टुडंट्स हॅव शोन सच पेशन्स.'

दुसऱ्या मसुद्यात हीच सहा वाक्यं, फक्त प्रत्येक 'फ्यू' आणि 'लिटल'च्या आधी 'अ'.

आता गंमत बघा. पहिला मसुदा पहिल्या दोन वाक्यांत चुकतो आणि पुढच्या चारांत बरोबर आहे. दुसरा मसुदा पहिल्या दोनांत सुधारतो आणि पुढचे चार बिघडवतो. म्हणजे 'अ' काढून टाकणं हा उपाय नव्हता आणि सगळीकडे लावणं हा तर त्याहून वाईट उपाय होता.

घोटाळा 'निगेटिव्ह' या शब्दाचा

स्टाफरूममध्ये जे सांगितलं गेलं ते तसं खोटं नव्हतं. 'फ्यू' आणि 'लिटल' निगेटिव्ह आहेतच. पण कुठल्या अर्थाने? आपण निगेटिव्ह म्हटलं की 'वाईट' असं समजतो, निगेटिव्ह माणूस, निगेटिव्ह विचार. व्याकरणात निगेटिव्ह म्हणजे फक्त नकार, वाक्यात कुठेतरी 'नाही' आहे एवढंच. आणि एखादी गोष्ट नाही हे चांगलं की वाईट, ते ती गोष्ट कुठली यावर ठरतं. अनुभव नाही हे वाईट. चुका नाहीत हे चांगलं. शंका नाही हे तर उत्तमच. सरांनी 'निगेटिव्ह' ऐकलं, 'वाईट' असं समजले, आणि पत्रात काही वाईट राहू नये म्हणून सगळीकडचा नकार पुसून टाकला. त्यात 'चुका नाहीत'मधला आणि 'शंका नाही'मधला नकारसुद्धा पुसला गेला.

'फ्यू'मध्ये खरंच नकार दडलेला आहे हे मी सांगून सरांना पटलं नसतं, ते प्रयोग करणारे आहेत, त्यांना पुरावा लागतो. तो पुरावा आपल्या दहावीच्या पेपरातच आहे. क्वेश्चन टॅग. वाक्य होकारी असेल तर टॅग नकारी, वाक्य नकारी असेल तर टॅग होकारी, हे प्रत्येक मराठी मुलाला येतं. आता 'अ फ्यू पीपल नो धिस' याला टॅग लागतो 'डोन्ट दे?', आणि 'फ्यू पीपल नो धिस' याला टॅग लागतो 'डू दे?'. दुसऱ्या वाक्यात 'नॉट' कुठेच दिसत नाही, 'नेव्हर' नाही, 'नो' नाही, तरी इंग्रजी भाषा त्याला नकारी वाक्य म्हणूनच वागवते. 'एनी'चंही तसंच. 'फ्यू स्टुडंट्स हॅड एनी आयडिया' हे वाक्य छान चालतं कारण साध्या विधानात अशा 'एनी'ला नकार लागतो आणि तो 'फ्यू'ने पुरवला, पण 'अ फ्यू स्टुडंट्स हॅड एनी आयडिया' म्हणून बघा, कानाला लगेच खडा लागतो, तिथे 'सम आयडिया' हवं.

सरांनी टॅगचं ऐकलं आणि क्षणभर थांबून म्हणाले, "मॅडम, म्हणजे हा नकार शब्दाच्या पोटात आहे." अगदी बरोबर. आणि आपली अडचण तिथेच होते, कारण मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी उघडपणे येऊन उभा राहतो. 'तिला फारसं सांगावं लागत नाही.' ते 'नाही' दिसतं, ऐकू येतं, चुकवता येत नाही. इंग्रजी वाक्यात क्रियापद होकारीच राहतं, 'नीड्स', आणि सगळा नकार त्या एवढ्याशा 'लिटल'मध्ये असतो. मराठीतून विचार करणारा माणूस क्रियापदाकडे बघतो, तिथे 'लागते' दिसतं, आणि 'लिटल'चा अर्थ 'थोडी' एवढाच लावतो. झालं, नकार हरवला.

चौथं वाक्य, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला

'शी नीड्स लिटल सुपरव्हिजन' आणि 'शी नीड्स अ लिटल सुपरव्हिजन'.

पहिल्याचा अर्थ, तिच्यावर फारसं लक्ष ठेवावं लागत नाही, काम सांगून द्या आणि निश्चिंत व्हा. लॅबमध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल याहून चांगलं वाक्य क्वचितच लिहिता येईल. दुसऱ्याचा अर्थ, तिच्यावर थोडं लक्ष ठेवावं लागतं. ठेवावं लागतं! शिवाय ते शिफारसपत्रात लिहिलंय, जिथे प्रत्येक जण चांगलंच लिहितो, त्यामुळे वाचणारा थांबतो आणि विचार करतो की एवढं चांगलं लिहायच्या जागेत याने हे मुद्दाम का सांगितलं असेल, नक्की काहीतरी असणार. एक अक्षर, आणि कौतुकाचं वाक्य धोक्याची सूचना झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, की दोन्ही वाक्यांत देखरेखीचं प्रमाण वेगळं असेलच असं नाही. सर आठवड्यातून एकदा तिच्या टेबलापाशी जाऊन बघत असतील, तर ते 'लिटल'ही आहे आणि 'अ लिटल'ही. 'अ' लावल्याने आकडा बदलत नाही, बोलणाऱ्याची नजर बदलते. 'लिटल' म्हणणारा भरपूरकडून खाली बघतोय, जेवढी लागेल असं वाटलं होतं त्या मानाने काहीच लागली नाही. 'अ लिटल' म्हणणारा शून्यापासून वर बघतोय, शून्य नाही बरं का, थोडी आहे.

सरांना हे त्यांच्याच विषयातून लगेच दिसलं. रीक्रिस्टलायझेशन करताना गरम द्रावण गार व्हायला ठेवलं आणि तळाशी पाचसहा स्फटिक दिसले. भरपूर माल मिळेल अशी आशा असलेला विद्यार्थी वहीत लिहील 'फ्यू क्रिस्टल्स फॉर्म्ड', म्हणजे निराशा, यील्ड गेलं, सॉल्व्हंट जास्त झालं असणार. आणि आधी दोनदा काहीच मिळालं नव्हतं असा विद्यार्थी तेच बीकर बघून लिहील 'अ फ्यू क्रिस्टल्स फॉर्म्ड', म्हणजे आले, सुरुवात झाली. बीकर तेच, स्फटिक तेवढेच. सर म्हणाले, "मग तर रेकॉर्ड बुकात हे शब्दच नकोत, आकडा लिहावा." तेही खरं आहे, निरीक्षणाच्या वहीत वजनच लिहावं. पण पत्रात दरवेळी आकडा लिहिता येत नाही, तिथे भावना लिहायची असते, आणि म्हणून तिथे हा 'अ' एवढा जड होतो.

पाचवं, जिथे ती अडली होती

'आय हॅव अ फ्यू डाउट्स अबाउट हर अ‍ॅबिलिटी.' ती मुलगी इथेच थांबली होती आणि तिचा कान बरोबर होता. याचा अर्थ, तिच्या कुवतीबद्दल मला काही शंका आहेत. शिफारसपत्रात हे वाक्य म्हणजे अर्जावर काट मारल्यासारखंच.

पण सरांना ते का खटकलं नाही याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे 'डाउट' हा शब्द वर्गात रोज ऐकू येतो. "सर, अ फ्यू डाउट्स आहेत" असं मुलं म्हणतात तेव्हा त्यांना अविश्वास नाही दाखवायचा, प्रश्न विचारायचे असतात. डाउट क्लिअर करणे, डाउट सोल्विंग सेशन, हे आपल्या इंग्रजीत इतकं रुळलंय की 'डाउट'ची धारच बोथट झालीये. त्यामुळे 'अ फ्यू डाउट्स' हे सरांना निरुपद्रवी वाटलं, रोजचंच. आयर्लंडमध्ये वाचणाऱ्याला मात्र 'डाउट्स अबाउट हर अ‍ॅबिलिटी' म्हणजे सरळ संशय. पहिल्या मसुद्यातलं 'फ्यू डाउट्स' अर्थाने बरोबर होतं, पण तिथेही मी बदल सुचवला, कारण 'फ्यू डाउट्स'मध्येसुद्धा शंका अनेकवचनात मोजल्यासारखी वाटते आणि वाचणाऱ्याच्या मनात उगाच येतं की मग त्या दोन कुठल्या. रुळलेली रचना आहे 'आय हॅव लिटल डाउट दॅट शी विल डू वेल', शंका एकवचनी, न मोजता येणारी, जवळपास नाहीच. आणि शंका खरंच नसेल तर 'नो डाउट' लिहावं, उगीच 'लिटल' कशाला. सरांनी 'नो डाउट' केलं. ते त्यांना मनापासून म्हणायचं होतं.

तिसरं वाक्य, आणि इथे 'अ' ठेवलं

चुकांचं वाक्य. नियमाने बघितलं तर 'फ्यू मिस्टेक्स' हवं, चुका फारशा झाल्या नाहीत, कौतुक. मी तसंच सुचवणार होते. पण आधी सरांना विचारलं, की सर, खरंच काय झालं होतं? चुका झाल्या का तिच्या?

तर सर म्हणाले, "झाल्या की. पहिल्या सेमिस्टरला टायट्रेशनमध्ये एंड पॉइंट ओलांडून जायची, फिनॉल्फ्थॅलीन फिकं गुलाबी व्हायला पाहिजे तर हिचं गडद. पण मी काही सांगायच्या आधीच तिनं शेवटी थेंब थेंब सोडायला सुरुवात केली, आणि जुन्या रीडिंगवर काट मारून शेजारी कारण लिहून ठेवलं. रीडिंग खोटं घातलं नाही."

मी म्हटलं, सर, मग हेच लिहा ना! कारण हे 'फ्यू मिस्टेक्स'पेक्षा कितीतरी वजनदार आहे. 'फारशा चुका केल्या नाहीत' असं सगळेच लिहितात. 'सुरुवातीला काही चुका झाल्या आणि त्या तिने स्वतःच ओळखून दुरुस्त केल्या' हे कुणी लिहीत नाही. आणि तसं लिहायचं तर 'अ फ्यू'च पाहिजे, कारण आता त्या चुका अस्तित्वात हव्यात, वाक्याच्या पुढच्या भागाला धरायला काहीतरी लागतं. 'शी मेड अ फ्यू मिस्टेक्स इन हर फर्स्ट सेमिस्टर अँड करेक्टेड ईच ऑफ देम हरसेल्फ.' इथे 'अ' काढून बघा, 'शी मेड फ्यू मिस्टेक्स अँड करेक्टेड ईच ऑफ देम', व्याकरणाने मोडत नाही, पण वाक्य आधी म्हणतं चुका जवळपास नव्हत्याच आणि मग त्या एकेक करून सुधारत बसतं. जोर विस्कटतो.

म्हणजे वाईट गोष्टीच्या आधी 'अ' कधीच नको, असाही नियम करता येत नाही. पुढे त्या गोष्टीचं काहीतरी होणार असेल, ती सुधारली, तिच्यातून शिकली, तिच्यावर मात केली, तर ती आधी मान्य करावी लागते आणि मान्य करण्याचं काम 'अ' करतो. वाक्य तिथेच संपणार असेल तर 'अ' ती गोष्ट वाचणाऱ्यासमोर ठेवून निघून जातो.

पहिली दोन वाक्यं पटकन सांगते कारण तिथे वाद नव्हता. 'फ्यू प्रोजेक्ट्स' म्हणजे प्रोजेक्ट जेमतेम, केले न केल्यासारखे, आणि खरं तर तिने सरांकडे तीन केले होते, तर सरळ 'थ्री प्रोजेक्ट्स' लिहिलं. आकडा माहीत असेल तर 'अ फ्यू'च्या मागे लपायचं कारण नाही. एचपीएलसीचं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं जे यंत्र असतं त्याचं, 'लिटल एक्स्पीरियन्स' म्हणजे अनुभव जवळजवळ नाहीच, आणि 'अ लिटल एक्स्पीरियन्स' म्हणजे थोडासा आहे. दुसरं बरोबर. पण कौतुक करायच्या पत्रात 'अ लिटल' फार मिळमिळीत वाटतं, बोलणारा स्वतःच हात आखडता घेतोय असं वाटतं. तिने एका ट्रेनिंगमध्ये स्वतः सॅम्पल इंजेक्ट केले होते, ग्राफ वाचले होते, मग 'सम हँड्स-ऑन एक्स्पीरियन्स' केलं. 'सम'मध्ये तो संकोच नाही.

आणि सहावं, 'फ्यू स्टुडंट्स हॅव शोन सच पेशन्स', हे पहिल्या मसुद्यात सरांनी सहज, न ठरवता, फार सुंदर लिहिलं होतं आणि दुसऱ्यात 'अ' लावून त्याचा जीव काढला होता. असा धीर असणारे विद्यार्थी फारच क्वचित. इथे विद्यार्थी कमी असण्यात वाईट काही नाही, उलट ते कमी आहेत म्हणूनच ती उठून दिसते, दुर्मिळपणा हेच कौतुक. 'अ फ्यू स्टुडंट्स हॅव शोन सच पेशन्स' म्हणजे असे काही विद्यार्थी आहेत बुवा, आणि ती त्यातली एक असेल, नसेलही, वाक्य तेही नक्की सांगत नाही. मी फक्त 'इन माय ट्वेंटी इयर्स ऑफ टीचिंग' एवढं जोडायला सांगितलं, म्हणजे कमी ते कशाच्या मानाने कमी हे कळतं. 'फ्यू'ला मागे एक मोठी पार्श्वभूमी मिळाली की तो आणखी उठावदार होतो.

मराठीत उलटून बघायची पद्धत, आणि ती कुठे फसते

सरांना पुढच्या पत्रांसाठी काहीतरी हाताशी हवं होतं, दरवेळी मॅडमकडे कोण येणार. मी त्यांना म्हटलं, वाक्य आधी मराठीत मनातल्या मनात पूर्ण बोला, पण नुसतं 'थोडं' म्हणून सोडून देऊ नका. कारण मराठीतलं 'थोडं' एकटं असलं की दोन्हीकडे झुकतं. 'थोडे लोक आले' यातून आनंद की निराशा, सांगता येत नाही. आपण बोलताना त्याला काहीतरी चिकटवतो तेव्हा ते कळतं. 'थोडेच लोक आले', हा 'च' आला की 'फ्यू'. 'थोडे तरी लोक आले', 'थोडेफार लोक आले', 'दोनचार जण आले', इथे 'अ फ्यू'. तसंच 'फारसं नाही', 'जेमतेम', 'क्वचितच', 'नावालाच' मनात आलं तर 'अ' नको, आणि 'थोडंसं', 'थोडंबहुत', 'काही' आलं तर 'अ' हवं. म्हणजे हा फरक आपल्याला परका नाही, रोज करतो, फक्त आपण तो 'च' आणि 'तरी'ने करतो आणि इंग्रजी तो 'अ' असण्या-नसण्याने करतं.

पद्धत चांगली आहे पण एका ठिकाणी हमखास घसरते. 'थोडेच'साठी आपल्या डोक्यात 'फक्त थोडे' येतं आणि मग हात लिहून जातो 'ओन्ली फ्यू'. आपल्याकडच्या नोटिसांत, ईमेलमध्ये हे सर्रास दिसतं, 'ओन्ली फ्यू सीट्स लेफ्ट'. इंग्रजीत 'ओन्ली'ला 'अ' लागतो, 'ओन्ली अ फ्यू सीट्स'. कारण 'अ फ्यू' आधी म्हणतं की काही आहेत, आणि मग 'ओन्ली' त्यावर झाकण ठेवतं की तेवढ्याच. 'फ्यू'मध्ये तो कमीपणा आधीच असतो म्हणून त्याला 'ओन्ली' लागत नाही, त्याला 'व्हेरी' लागतं, 'व्हेरी फ्यू'. आणि 'क्वाइट अ फ्यू' तर पार उलट्या दिशेला जातं, त्याचा अर्थ बऱ्यापैकी पुष्कळ. सरांनी दुसऱ्या मसुद्यात खाली एक नवी ओळ घातली होती की वर्गात ती गैरहजर 'क्वाइट अ फ्यू टाइम्स' राहिली, त्यांना म्हणायचं होतं अगदी कमी वेळा! तिकडे माझं लक्ष जाता जाता गेलं. ती ओळ काढून 'शी रेअरली मिस्ड अ क्लास' केली.

दुसरी घसरण 'लिटल'ची. 'लिटल'चा दुसरा अर्थ 'लहान', आणि तो मोजता येणाऱ्या नामाबरोबर येतो. 'अ लिटल मिस्टेक' म्हणजे थोडी चूक नव्हे, लहानशी चूक, आणि तिथला 'अ' हा 'मिस्टेक'चा आहे, 'लिटल'चा नाही. त्यामुळे 'अ' काढला तर अर्थ बदलत नाही, वाक्यच मोडतं. आधी बघायचं की पुढचं नाम मोजता येतं का. सुपरव्हिजन, एक्स्पीरियन्स, टाइम, पेशन्स, डाउट हे न मोजता येणारे असतील तेव्हाच 'लिटल' आणि 'अ लिटल'चा हा खेळ चालू होतो.

पत्र तिसऱ्या मसुद्यात गेलं. सहा वाक्यांपैकी दोनच ठिकाणी नुसतं 'लिटल' आणि 'फ्यू' उरलं, सुपरव्हिजनचं आणि धीराचं, एका ठिकाणी 'अ फ्यू' राहिलं, चुकांचं, आणि बाकी तिन्ही जागी आकडा, 'सम' किंवा 'नो' आलं. सरांनी ते स्वतः टाइप केलं.

मग त्या मुलीने विचारलं की ऑनलाइन मुलाखत झाली तर बोलताना काय करू. तिला मी वेगळं सांगितलं. बोलताना हा 'अ' जवळजवळ ऐकूच येत नाही, 'देअर आर अ फ्यू' चटकन म्हटलं की तो 'आर'मध्ये विरघळून जातो, आणि आपल्या तोंडून कधी तो सुटतो तर कधी नको तिथे लागतो, वर इंटरनेटचा आवाज तुटत असेल तर बघायलाच नको. शिवाय नुसतं 'फ्यू' आणि 'लिटल' बोलण्यात जरा पुस्तकी वाटतं, इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे तेसुद्धा गप्पांत बहुतेक वेळा 'नॉट मेनी' आणि 'नॉट मच' म्हणतात. म्हणून नकार द्यायचा असेल तर 'नॉट'ने उघड द्यायचा, 'आय डिडन्ट नीड मच हेल्प', आणि काही आहे असं सांगायचं असेल तर 'सम', 'आय हॅव यूज्ड इट सम, इन अ ट्रेनिंग प्रोग्रॅम' असं अवघडून न बोलता 'आय हॅव सम एक्स्पीरियन्स विथ इट'. तिने एचपीएलसीचं उत्तर तिथेच दोनतीनदा म्हणून बघितलं, 'सम'वर जोर देऊन, आणि पुढचा प्रश्न विचारला, की 'सम' म्हणजे किती असं त्यांनी विचारलं तर? तर किती दिवस, किती सॅम्पल, कुठलं संयुग, हे सांगायचं.